कोरियन मेसेजमधली जवळीक मराठीत कशी आणायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरियन शिकणारे, चाहत्यांसाठी भाषांतर करणारे आणि कोरियन मित्रमैत्रिणींशी गप्पा मारणारे मराठी वाचक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. विषय मुद्दाम लहान ठेवला आहे: दोन-तीन ओळींचा घरगुती किंवा मैत्रीतला मेसेज. कार्यालयीन पत्रं, बातम्या आणि ऐतिहासिक मालिकांमधले संवाद इथे घेतलेले नाहीत. कोरियन शब्द देवनागरीत लिहिले आहेत, त्यामुळे उच्चार अंदाजाने समजून घ्यावेत.

कोरियनमध्ये बोलण्याच्या पायऱ्या किती? मेसेज वाचायला सगळ्या शिकाव्या लागतात का?

व्याकरणाच्या पुस्तकांत साधारणपणे सहा पायऱ्या दिलेल्या असतात आणि वाक्याच्या शेवटच्या क्रियापदावरून पायरी ओळखतात. मैत्रीतल्या मेसेजमध्ये मात्र दोनच पायऱ्या सतत दिसतात. एक 'हेयो', म्हणजे ज्या वाक्याच्या शेवटी 'यो' येतो ती. दुसरी तोच 'यो' काढून टाकलेली. या दुसरीला रोजच्या बोलण्यात 'बानमाल' म्हणतात, आणि आदराच्या बोलण्याला एकूण 'जोंदेनमाल'.

'जेवलीस का' हेच पाहा. 'बाप मॉगॉस्सॉ?' हे बानमाल, 'बाप मॉगॉस्सॉयो?' हे यो लावलेलं. यातला 'बाप' म्हणजे भात, पण अर्थ जेवण. 'निदा'ने संपणारी वाक्यं, म्हणजे 'गामसाहाम्निदा'सारखी, मैत्रीतही येतात, पण ती ठरलेली आभाराची किंवा अभिनंदनाची असतात. तेवढ्यावरून नातं औपचारिक आहे असं समजू नका.

मग 'यो' असेल तर 'तुम्ही' आणि नसेल तर 'तू', एवढा नियम पुरेसा नाही का?

नाही. सर्वात जास्त भाषांतरं इथेच फसतात. आपल्याकडे 'तुम्ही' म्हटलं की आदर आला आणि त्याबरोबर थोडं अंतरही आलं. कोरियन 'यो'मध्ये अंतर असेलच असं नाही. वर्षानुवर्षं एका खोलीत राहिलेल्या दोघींमधली धाकटी थोरलीला यो लावून लिहीत असते आणि त्याच मेसेजमध्ये तिच्या कपाटातला स्वेटर न विचारता घातल्याचंही सांगते. तो यो वयाचा मान राखतो, माया कमी करत नाही.

मराठीत असं नातं 'तू'मध्येच राहतं. आपण सख्ख्या थोरल्या बहिणीला 'ताई, तू' म्हणतो. मान 'ताई'मध्ये असतो आणि जवळीक 'तू'मध्ये. म्हणून जवळच्या माणसांमधल्या 'यो'चं मराठी बहुतेक वेळा 'तू' होतं. 'तुम्ही' कधी लागतं ते पुढच्या उत्तरात आहे.

'यो' पुरेसा नसेल, तर 'तू' की 'तुम्ही' हे मेसेजमधल्या कशावरून ठरवायचं?

तीन ठिकाणी बघा. पहिली जागा म्हणजे लिहिणारी व्यक्ती स्वतःला काय म्हणते. कोरियनमध्ये 'मी'साठी 'ना' हा साधा शब्द आहे आणि 'जॉ' हा नम्र. यो लावलेल्या मेसेजमध्ये 'ना' सापडला, तर नातं मोकळं आहे. 'जॉ' सापडला, तर अजून जपून बोलणं चालू आहे.

दुसरी जागा 'शी'. हा आदराचा प्रत्यय क्रियापदाच्या पोटात बसतो आणि यो पासून स्वतंत्र असतो. 'मॉगॉयो' म्हणजे यो लावून 'जेव', आणि 'दुसेयो' म्हणजे 'जेवून घ्यावं' अशा आदराने. पुढे यो आला की 'शी'चं 'से' होतं. 'दुसेयो', 'जुमुसेयो', 'ओसेयो' अशी रूपं सातत्याने येत असतील, तर मराठीत 'तुम्ही' शोभतं.

तिसरी जागा उत्तर. समोरून बानमाल आलं आणि इकडून यो गेला, तर वयातला फरक दोघांनी मान्य केलेला आहे. दोन्हीकडून 'जॉ' आणि 'शी' येत असेल, तर ओळख नवी आहे. एकाच मेसेजवर निकाल देऊ नका. संभाषण हाती असेल तर किमान एक उत्तर वाचा.

इथे एक गोंधळ आधीच टाळायला हवा. 'शी' ज्याच्याविषयी बोलतो त्याचा मान राखतो, आणि वाक्याचा शेवट ज्याच्याशी बोलतो त्याचा. वर्गातला मुलगा मित्राला लिहितो, 'सॉन्सेंगनिम ओश्यॉस्सॉ!' शिक्षकांसाठी आदर आहे आणि मित्रासाठी बानमाल. मराठीत हे आपण रोज करतो: 'सर आले रे!' 'आले' सरांसाठी, 'रे' मित्रासाठी. म्हणून आतला 'शी' दिसला की लगेच वाचणाऱ्याला 'तुम्ही' करू नका. तो कोणासाठी आहे ते आधी बघा.

एखादा खरा वाटेल असा मेसेज घेऊन सुरुवातीपासून दाखवाल का?

हा घ्या. दोघी मैत्रिणी एकत्र राहतात, धाकटी लिहिते:

'ऑन्नी, बाप मॉगॉस्सॉयो? ना ओनुल जोम नुजुल कॉ काता. मॉन्जॉ मॉगॉयो~'

मधल्या वाक्यानंतर रडक्या डोळ्यांची खूण आहे. 'ऑन्नी' म्हणजे स्त्रीने तिच्यापेक्षा मोठ्या स्त्रीला मारलेली हाक. पहिल्या वाक्यात यो आहे, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात पुन्हा आहे. 'मी'साठी 'ना' वापरलं आहे. 'दुसेयो' न म्हणता 'मॉगॉयो' म्हटलं आहे, म्हणजे 'शी' नाही. शेवटची नागमोडी रेघ सूर लांबवते.

शब्दकोशाला धरून केलेलं मराठी असं होईल: 'ताई, तुम्ही जेवलात का? मला आज थोडा उशीर होईल असे वाटते. तुम्ही आधी जेवा.' चूक एकही नाही, पण भाडेकरूने घरमालकिणीला पाठवलेल्या चिठ्ठीसारखं वाटतं. दुसऱ्या टोकाला 'ए, जेवलीस? उशीर होणार आहे. खाऊन घे' असं लिहिलं, तर धाकटेपण पुसलं जातं आणि सूर तुटक होतो.

मी असं लिहीन: 'अगं ताई, जेवलीस का? मला आज जरा उशीर होईलसं वाटतंय गं. तू घे ना जेवून, थांबू नकोस.'

'जोम' हा शब्द 'जरा' झाला, कारण दोन्ही शब्द विनंती मऊ करतात. यो नसलेलं मधलं वाक्य अर्धं स्वतःशी बोलल्यासारखं आहे, तो भाव 'होईलसं वाटतंय गं' मध्ये आला. 'मॉन्जॉ' म्हणजे आधी, पण इथे मुद्दा 'माझी वाट बघू नकोस' हा आहे, म्हणून 'थांबू नकोस' जोडलं. 'आधी जेव' असं म्हटलं असतं, तर मराठीत ती आज्ञा झाली असती. रडक्या खुणेच्या जागी रडका इमोजी चालेल.

थोरली उत्तर देते: 'उंग, ग्वेनचाना~ चॉन्चॉन्ही वा.' हे पूर्ण बानमाल आहे. मराठीत: 'हं, चालेल गं. सावकाश ये.' आता दोन्ही बाजूंना 'तू' आहे, तरी थोरली-धाकटी कळते. एकीकडे 'अगं ताई' आणि 'घे ना' आहे, दुसरीकडे नुसतं 'ये'. कोरियनमधला यो दोघींमध्ये जे काम करत होता, ते मराठीत हाक आणि 'ना' करतात.

मग मराठीत जवळीक नेमकी कशात असते? सर्वनाम बदललं की झालं, असं का नाही?

कारण मराठीत 'तू' अनेक तऱ्हांनी म्हणता येतं. 'कुठे आहेस?' हा जाब वाटू शकतो. 'कुठे आहेस गं?' मध्ये चौकशी आहे. 'कुठेयस ना बाई तू?' मध्ये लाडिक वैताग आहे. फरक 'गं', 'रे', 'ना', 'हं', 'की', 'बाई' या छोट्या शब्दांनी पडतो. कोरियनमध्येही असंच वाक्याच्या शेपटात असतं: 'जाना', 'गॉदुन', 'ने', 'जी'. 'जाना' म्हणजे 'तुला माहीत आहेच की'. म्हणून त्याच्या जागी आपला 'की' किंवा 'ना' सहज बसतो: 'सांगितलं होतं ना तुला!' 'गाल्के' हे समोरच्याला दिलेलं छोटं वचन असतं, तिथे 'जाते हं' किंवा 'जातो हं' चांगलं.

एका ओळीत दोनपेक्षा जास्त असे शब्द घालू नका. 'अगं', 'गं', 'ना' आणि 'हं' सगळं एकत्र आलं की मेसेज नाटकी होतो. 'तू' शब्दही प्रत्येक वाक्यात नको. कोरियनमध्ये 'नॉ', म्हणजे 'तू', बहुतेक वेळा गाळलेला असतो, आणि आपल्याकडे 'जेवलीस' या रूपातच तो येऊन जातो. वारंवार लिहिला तर बोट दाखवल्यासारखं होतं.

'ऑन्नी', 'ओप्पा', 'नूना', 'ह्यॉंग' यांचं 'ताई' आणि 'दादा' करावं का?

मोठ्या बहिणीला स्त्री 'ऑन्नी' म्हणते आणि पुरुष 'नूना'; मोठ्या भावाला स्त्री 'ओप्पा' म्हणते आणि पुरुष 'ह्यॉंग'. सख्ख्या भावंडांत आणि घरातल्या वयाने मोठ्या माणसांत, हो. मैत्रीत विचार करून. कोरियात एका वर्षाने मोठी असलेली मैत्रीणही 'ऑन्नी' असते. आपल्याकडे एका वर्षाने पुढच्या मैत्रिणीला बहुतेक मुली नावानेच हाक मारतात, त्यामुळे दर ओळीला 'ताई' आलं तर दोघी नात्यातल्या वाटतात. तिथे 'अगं' आणि नाव पुरतं. वरच्या उदाहरणात 'ताई' ठेवलं, कारण एकत्र राहणाऱ्या दोघींत ते खपतं.

'ओप्पा' मात्र वेगळा. स्त्री मोठ्या भावाला ओप्पा म्हणते आणि मोठ्या प्रियकरालाही. प्रियकराला 'दादा' म्हणणं मराठीत अशक्य आहे. तिथे 'अरे' किंवा नाव वापरा. वाचक कोरियन मालिका बघणारे असतील, तर 'ओप्पा' तसाच ठेवणं मला सर्वात प्रामाणिक वाटतं. पण 'ओप्पा' ठेवून पुढे 'तुम्ही' लावू नका.

नुकतीच ओळख झालेली दोन माणसं 'आता मोकळं बोलूया' म्हणतात, तो मेसेज मराठीत कसा आणायचा?

मेसेज साधारण असा असतो: 'माल नोउल्कायो?' शब्दशः 'बोलणं खाली ठेवू का?', म्हणजे यो सोडूया का. मोठी व्यक्ती हे बहुधा सुचवते, किंवा धाकटी म्हणते, 'माल प्यॉनहागे हासेयो', म्हणजे 'मोकळेपणाने बोला ना माझ्याशी'.

आपल्याकडे याला 'अहो-जाहो सोडणं' म्हणतात. म्हणून मराठीत: 'अहो-जाहो कशाला? अरे-तुरे करा की मला.' हे वाक्य आलं की त्याच्या आधी 'तुम्ही' असायलाच हवं, नाहीतर ते हवेत लटकतं. म्हणजे संभाषण सुरुवातीपासून वाचून मगच सर्वनाम ठरवायचं. या क्षणानंतर 'तू' आणा, पण पहिल्या एक-दोन मेसेजमध्ये अडखळणं दिसू द्या, कारण कोरियनमध्येही सवयीने यो निसटतो. 'येताय का, म्हणजे, येतोस का?' असं लिहिलं तर ती गंमत टिकते.

नातं कोणतं ते कळतच नाही आणि हाती एकच ओळ आहे. मग?

मग 'तू' आणि 'तुम्ही' दोन्ही टाळणारी वाक्यं वापरा. मराठीत ती भरपूर आहेत आणि ऐकायला आपुलकीची आहेत. 'बाप मॉगॉस्सॉयो?' साठी 'जेवण झालं का?' लिहा. यात ना तू, ना तुम्ही, ना स्त्री, ना पुरुष. 'गाची गायो', म्हणजे 'सोबत जाऊ', साठी 'सोबत जाऊया ना'. या 'ऊया'मध्ये दोघं आले, म्हणून सर्वनामाचा प्रश्न उरत नाही. पुढे नातं कळलं की बदल करता येतो.

लांब संभाषणात हे जमत नाही. चार-पाच ओळी सर्वनाम टाळत राहिलं की लिहिणारा काहीतरी लपवतोय असं वाटू लागतं.

लिहिणारा पुरुष आहे की स्त्री हे कोरियनमध्ये दिसत नाही, पण मराठीत 'येतो' की 'येते' ठरवावंच लागतं. काय करायचं?

आधी हाक बघा. 'ऑन्नी' किंवा 'ओप्पा' म्हणणारी व्यक्ती सर्वसाधारणपणे स्त्री, 'नूना' किंवा 'ह्यॉंग' म्हणणारा पुरुष. हाकेतून समोरच्याचंही कळतं: ऑन्नी आणि नूना स्त्रिया, ओप्पा आणि ह्यॉंग पुरुष. हाकच नसेल, तर वाक्य फिरवा. 'निघतोय' किंवा 'निघतेय' ऐवजी 'वाटेत आहे'. 'विसरलो' ऐवजी 'लक्षातच राहिलं नाही'. 'मला उशीर होईल' मध्ये तर प्रश्नच नाही. 'रे' आणि 'गं' मात्र अशा वेळी बाजूला ठेवा, कारण तेही स्त्री-पुरुष सांगून टाकतात. त्यांच्या जागी 'ना' आणि 'हं' चालतात.

एकाच मेसेजमध्ये यो येतो आणि जातो. ही चूक असते का? जोडप्यांमध्ये तर हे फार दिसतं.

चूक नाही. मिसळून बोलण्याच्या या सवयीला 'बानजोंदे' म्हणतात. वरच्या उदाहरणात ती मैत्रिणींमध्ये दिसली. जोडप्यात वयाने लहान असलेली व्यक्ती बहुतेक बानमाल बोलते आणि मध्येच एखादा यो घालते. तो यो बरेचदा लाडाचा असतो. 'जाल जा' म्हणजे झोप, 'जाल जायो' म्हणजे तेच थोड्या मार्दवाने.

मराठीत सर्वनाम मध्येच बदलू नका. 'तू'वरून 'तुम्ही'वर गेलात की वाचणाऱ्याला भांडण झालं की काय असं वाटेल. त्याऐवजी यो नसलेलं वाक्य सरळ ठेवा आणि यो आलेल्या वाक्याला मऊ शेवट द्या: 'झोप आता' आणि 'झोप ना रे आता'. जुन्या वळणाच्या नवरा-बायकोत मात्र 'अहो' आणि 'अगं' अशी मराठी जोडी मोकळेपणाने वापरा. एकाकडून यो आणि दुसरीकडून बानमाल, अशी रचना आपल्या भाषेत आधीपासून आहे.

रोज बानमाल लिहिणारी मैत्रीण अचानक यो लावून उत्तर देते. मराठीत ते कसं कळवायचं?

आधी राग की थट्टा ते ओळखा. मित्रांमध्ये थट्टेने यो लावतात, तेव्हा सोबत हसण्याची खूण असते. तिथे मराठीत 'तुम्ही' अगदी चपखल बसतं: 'वा, मोठ्या माणसांना वेळ मिळाला म्हणायचा!' किंवा 'बरं बाईसाहेब, तुमची मर्जी.'

राग असेल तर खुणा गळतात. 'आरास्सॉयो' एवढंच येतं आणि पुढे पूर्णविराम. एरवी कोरियन मेसेजमध्ये पूर्णविराम कमीच दिसतो, त्यामुळे तो रुक्ष वाटतो. मराठीत इथे सर्वनाम तेच ठेवा आणि बाकी सगळं काढून घ्या. 'कळलं गं' ऐवजी 'कळलं.' गळलेला 'गं' जेवढं सांगतो, तेवढं 'तुम्हाला समजलं' सांगत नाही. अट एकच, आधीच्या मेसेजमध्ये तो 'गं' दिसलेला असला पाहिजे.

'खखख', रडके डोळे, 'नेयोंग' यांसारख्या गोष्टींचं काय?

कोरियन 'ख' अक्षर ओळीने लिहिलं की हसू होतं. एकच 'ख' कोरडा वाटतो, लांब रांग म्हणजे मनापासून हसणं. मराठीत 'हाहाहा' किंवा हसरा इमोजी पुरतो, पण लांबी सांभाळा. 'यू' हा स्वर दोनदा लिहिला की अश्रू ढाळणारे डोळे दिसतात, ते बरेचदा दुःख नसून 'अरेरे, सॉरी' असतं.

'नेयोंग' म्हणजे 'ने', अर्थात 'हो', ला लाडाने 'योंग' जोडणं. असाच 'यो'चा 'योंग' इतर क्रियापदांनाही लागतो. इथे 'होऽऽ' किंवा 'हो गं' बरं. बोबडं मराठी लिहू नका, ते लहान मुलाचं वाटतं. 'नेप' मात्र चटपटीत होकार आहे आणि तो कामाच्या ठिकाणी वरिष्ठांना फार पाठवतात. तिथे 'हो सर' किंवा 'हो, लगेच' चालेल.

घरातल्यांचं काय? आईला बानमाल लिहितात, मग वडिलांना आणि आजीला?

कोरियन मुलं आईला बहुतेक बानमालच लिहितात. मराठीत 'आई, तू' आहेच. वडिलांबाबत दोन्हीकडे घराघरांत फरक आहे. कोरियनमध्ये वडिलांना यो असेल आणि आईला नसेल, तर मराठीत 'बाबा, तुम्ही' आणि 'आई, तू' ही विभागणी अगदी ओळखीची आहे, ती जरूर ठेवा. दोघांनाही बानमाल असेल, तर 'बाबा, तू' लिहा, शहरांतल्या अनेक घरांत तसंच बोलतात.

आजीला नातवंडं यो लावतात आणि 'शी' असलेली रूपंही वापरतात, जसं 'जिंजी दुश्यॉस्सॉयो?' यातलं 'जिंजी' हे मोठ्यांच्या जेवणाचं आदराचं नाव आहे. वरच्या तीन खुणांप्रमाणे इथे 'तुम्ही' व्हायला हवं, पण मराठी नातवंडं आजीला 'तू'च म्हणतात. म्हणून इथे नात्याला कौल द्या: 'आजी, जेवलीस का गं?' सासू-सासऱ्यांना मात्र 'तुम्ही'च, 'शी' दिसो वा न दिसो.

दोघं एकाच वयाचे असतील तर लगेच बानमाल का? आणि वयाचा नवा कायदा आल्यावर हे बदललं का?

कोरियनमध्ये 'चिंगू', म्हणजे मित्र, हा शब्द सहसा एकाच वयाच्या माणसांसाठी वापरतात, आणि समवयस्क आहोत हे कळलं की बानमालकडे जाणं सोपं होतं. म्हणून नव्या ओळखीत जन्मसाल विचारतात. ते उद्धटपणाचं नसतं, बोलायचं कसं ते त्यातून ठरतं. असा प्रश्न मराठीत आणताना 'वय काय?' असं थेट न लिहिता 'कितव्या सालचा जन्म तुझा?' लिहिलं तर सूर बरोबर लागतो. त्या क्षणी अजून जपून बोलणं चालू असेल, तर 'तुमचा'.

28 जून 2023 पासून दक्षिण कोरियात सरकारी कामांत वय जन्मतारखेवरून मोजतात. त्याआधी रोजच्या व्यवहारात बाळ जन्मताच एक वर्षाचं धरत आणि दर 1 जानेवारीला सगळ्यांचं वय एकाने वाढत असे. मैत्रीतल्या हाका मात्र अजूनही जन्मसालावर आणि शाळेतल्या वर्षावर ठरतात. डिसेंबरात जन्मलेला मुलगा त्याच सालच्या मार्चमध्ये जन्मलेल्याला बहुधा 'ह्यॉंग' म्हणत नाही. मेसेजमध्ये नऊ महिन्यांचा फरक दिसला तरी दोघांना मराठीत सरळ 'अरे-तुरे' द्या.